मानेच्या लेव्हल टेबलवर कशा ओळखायच्या, आणि २बी चं काय करायचं

*मॅडम, लेव्हलच्या सीमा तोंडपाठ आहेत, व्हायव्हात न अडखळता सांगतो. पण फ्लॅप उचलला की सगळी सारखीच चरबी दिसते. जिभेच्या एन-झिरो नेकमध्ये आपण नक्की कुठे आहोत हे ओळखायचं कसं? आणि २बी काढायचं की सोडायचं? गेल्या केसमध्ये अ‍ॅक्सेसरी नर्व्ह डोळ्यांदेखत वाचवली, तरी पेशंटचा खांदा पडलाच.*

पाठ केलेली सीमा वेगळी आणि हाताखाली येणारी सीमा वेगळी, हे शिकवताना आम्ही फारसं बोलून दाखवत नाही. तुझी अडचण तिथली आहे. जुन्या वर्णनात लेव्हल २ आणि ३ मधली खूण होती कॅरोटिडचा दुभाग, आणि ३ व ४ मधली खूण होती ओमोहायॉइड जिथे ज्युग्युलर व्हेन ओलांडतो ती जागा. या खुणा सर्जनच्या. पुढे सीटी वाचणाऱ्यालाही तीच भाषा बोलता यावी म्हणून त्या जागी हायॉइडची खालची कड आणि क्रिकॉइडची खालची कड आली. रेडिऑलॉजिस्टला हाड आणि कूर्चा लख्ख दिसते. पण तू टेबलवर उभा असतोस तेव्हा पेशंटच्या खांद्याखाली गुंडाळी असते, मान ताणलेली आणि डोकं एका बाजूला वळलेलं असतं. हायॉइड वर सरकलेलं असतं आणि तुझ्या जखमेच्या मध्यभागी तर ते नसतंच. म्हणून टेबलवर लेव्हल शोधायला जाऊ नकोस. स्नायू शोध. लेव्हल म्हणजे त्या स्नायूंच्या मधल्या कप्प्यांत भरलेली चरबी आणि तिच्यातले नोड. कप्प्याच्या भिंती सापडल्या की चरबी कुठली हे आपोआप ठरतं.

भिंती तीनच आहेत: डायगॅस्ट्रिक, स्टर्नोमास्टॉइड आणि ओमोहायॉइड. त्यांच्या जोडीला एक नर्व्ह. अलीकडेच केलेल्या एका केसवरून सांगते, म्हणजे क्रम लक्षात राहील.

पेशंट ४८ वर्षांचा. जिभेच्या उजव्या कडेला २.८ सेंटिमीटरचा व्रण, एमआरआयवर खोली सुमारे ८ मिलिमीटर. म्हणजे टी-टू. मान हाताला साफ, सीटीत उजवीकडे ७ मिलिमीटरचा एक नोड, मधोमध चरबी दिसणारा, आणि रिपोर्टमध्ये त्याचं वर्णन ‘उजवीकडे २बी, साधा वाटतो’ असं. खोली तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेली की हाताला न लागणारा नोड असण्याची शक्यता इतकी वाढते की वाट बघण्यात अर्थ नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीनंतर तर यावर वाद उरलेला नाही. सुरुवातीलाच मान काढलेल्यांत ३ वर्षांचं जगण्याचं प्रमाण ८० टक्के होतं, गाठ आल्यावर काढलेल्यांत ६७.५ टक्के. आम्ही १ ते ४ ठरवलं. जिभेत ३ किंवा ४ मध्ये उडी मारून गेलेला नोड सापडतो, म्हणून तिथे मी ३ वर थांबत नाही. गालाच्या आतल्या भागाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा १ ते ३ पुरतं.

भूल देणाऱ्यांना आधीच एक सांगितलं होतं: ट्यूब टाकण्यापुरतं कमी वेळ टिकणारं रिलॅक्सन्ट द्या, नंतर पुन्हा देऊ नका. खांदा उडलेला दिसायला हवा. ही विनंती फ्लॅप उचलल्यावर आठवली तर उपयोग नसतो.

छेद मॅस्टॉइडच्या टोकापासून मानेच्या घडीतून, जबड्याच्या खालच्या कडेपासून किमान दोन बोटं खाली. फ्लॅप प्लॅटिझ्माच्या खालून उचलायचा. मागच्या बाजूला प्लॅटिझ्मा नसतो, तिथे पातळी चुकते. खूण एकच: एक्स्टर्नल ज्युग्युलर व्हेन आणि ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह या स्टर्नोमास्टॉइडवरच राहिल्या पाहिजेत. त्या फ्लॅपबरोबर वर आल्या तर तू खोल गेलास.

पहिली लेव्हल १. १ए म्हणजे दोन्ही डायगॅस्ट्रिकच्या पुढच्या बेलींमधला त्रिकोण, खाली हायॉइड, तळाशी मायलोहायॉइड. त्यात फसण्यासारखं काही नाही. पलीकडच्या बाजूची बेली दिसेपर्यंत चरबी आणायची, एवढंच. १बी मात्र सोपी दिसते आणि तशी नसते.

इथे मार्जिनल मँडिब्युलर नर्व्ह आहे. ती सबमँडिब्युलर ग्लँडवरच्या फॅशियात असते आणि फेशियल आर्टरी व व्हेन यांच्या वरून, म्हणजे त्वचेच्या बाजूने, जाते. म्हणून फेशियल व्हेन ग्लँडच्या खालच्या कडेला बांधायची, कापायची आणि तिचं वरचं टोक फॅशियासकट वर उलटायचं, म्हणजे नर्व्ह त्या पदरात सुरक्षित राहते. याला हेस मार्टिनची युक्ती म्हणतात आणि प्रत्येक रेसिडेंटला ती येते. तिची दुसरी बाजू मात्र कमी जणांना सांगितली जाते. फेशियल व्हेन आणि आर्टरी जबडा ओलांडतात तिथे त्यांच्या पुढे-मागे एक-दोन छोटे नोड असतात. व्हेन उलटून वर नेलीस की तेही पदरात वर जातात आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेमके तेच मागे राहतात. ग्लँड निघालेली असते, पॅथॉलॉजिस्टला १बी मिळालेली असते, आणि दहा महिन्यांनी जबड्याच्या कडेला गाठ येते. म्हणून तोंडाच्या कॅन्सरला मी ती युक्ती वापरत नाही. नर्व्ह सरळ शोधते, जबड्याच्या कडेला समांतर फॅशिया उघडून, आणि ती दिसल्यावर तिच्या खालून ते नोड ग्लँडबरोबर आणते.

मी रेसिडेंट असताना ही नर्व्ह एकदा दुखावली होती. कापली नव्हती, फ्लॅपवरचा रिट्रॅक्टर जबड्याच्या कडेवर दोन तास दाबून धरला होता, आणि धरणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी पेशंट हसला तेव्हा खालचा ओठ एका बाजूला वर राहिला. त्या वेळी घाबरून काहीच तपासलं नाही. आता तपासते: ओठाचा चंबू करून खालचा ओठ बाहेर वळवता येतो का? येत असेल तर मेंटॅलिस चालू आहे, म्हणजे मार्जिनल शाबूत आहे आणि दोष प्लॅटिझ्माला जाणाऱ्या सर्व्हायकल शाखेचा आहे. तो सहसा आपोआप सुधारतो.

ग्लँड खाली ओढून मायलोहायॉइडची मागची कड पुढे घेतली की आत तीन गोष्टी दिसतात. वर लिंग्वल नर्व्ह, मध्ये डक्ट, खाली हायपोग्लॉसल. ग्लँड खाली ओढल्यामुळे लिंग्वल नर्व्ह गँग्लियनपाशी व्ही आकारात खाली झुकलेली असते. गँग्लियनची ग्लँडकडची बारीक दोरी कापली की नर्व्ह झटकन वर जाते. ती वर गेलेली दिसेपर्यंत डक्टला हात लावायचा नाही.

आता तुझ्या प्रश्नाची जागा. डायगॅस्ट्रिकची पुढची बेली धरून मधल्या टेंडनपर्यंत ये, तिथून मागची बेली धरून मॅस्टॉइडकडे चालत राहा. मागच्या बेलीच्या वरच्या पातळीत बिनधास्त काम करता येतं. तिथे जपायला लागतात त्या नर्व्ह तू आधीच पाहिलेल्या असतात. ज्याला हात लागला तर पश्चात्ताप होईल असं सगळं तिच्या खाली आहे: ज्युग्युलर व्हेन, कॅरोटिड, हायपोग्लॉसल, अ‍ॅक्सेसरी. जुने सर्जन तिला रेसिडेंटची मैत्रीण म्हणतात ते यासाठी. तू तिच्या वर असशील तर १बी च्या हद्दीत आहेस. तिच्या खाली, व्हेनवर उतरलास की लेव्हल २. पुस्तकात १बी आणि २ए मधली सीमा स्टायलोहायॉइड आहे, आणि तो या मागच्या बेलीलाच चिकटून जातो, त्यामुळे टेबलवर एकच खूण पुरते. सीटीवर ही सीमा ग्लँडच्या मागच्या कडेवर धरतात. तू मात्र ग्लँड ओढून हलवलेली असतेस, म्हणून ग्लँडवरून हद्द ठरवू नकोस.

यानंतर स्टर्नोमास्टॉइड. त्याच्या पुढच्या कडेवर फॅशिया उघडायचा, कड धरून चार-पाच क्लॅम्प लावायचे आणि असिस्टंटने ते पुढे-आडवे ताणून धरायचे. तुझा हात स्नायू बाहेरच्या बाजूला ओढतो, चाकू स्नायूवर सपाट फिरतो आणि फॅशिया सोलीव निघतो. वरच्या भागात हळू जायचं. स्नायूचा वरचा एक तृतीयांश संपतो त्याच्या आसपास एक छोटी रक्तवाहिनी स्नायूत शिरताना दिसते. ती दिसली की कॉटरी खाली ठेव. ऑक्सिपिटल आर्टरीची ही शाखा अ‍ॅक्सेसरी नर्व्हच्या अगदी शेजारी असते. तिच्यातून रक्त आलं तर क्लॅम्पने टिपायचा मोह होतो, आणि नर्व्ह जाते ती बहुधा त्याच क्षणी. बोटाने दाब, पाणी घाल, बघ, मग बायपोलर.

या केसमध्ये नर्व्ह दिसली तेव्हा पांढरट, चपटी, दीड-दोन मिलिमीटरची दोरी होती. स्टिम्युलेटर लावला, खांदा उडाला. हा खांदाच बघायचा असतो. स्टर्नोमास्टॉइड उडाला म्हणून समाधान मानू नकोस, कारण नर्व्ह स्नायूत शिरण्याआधीच त्याला एक शाखा देते आणि ती मुख्य नर्व्ह समजून जपणारे, आणि ट्रॅपिझिअसकडे जाणारी खरी नर्व्ह चरबीबरोबर कापणारे, मी पाहिले आहेत. सी-२ ची एखादी शाखाही येऊन मिळते आणि गोंधळ वाढवते. वर जाणारी एकच दोरी मागच्या बेलीच्या खालून येते. तिच्यापर्यंत माग काढला तर चूक होत नाही.

माग काढताना नर्व्हच्या वरच्या बाजूने, तिला समांतर, चरबीत बोगदा करायचा. वरची चरबी क्लॅम्पवर उचलून उघडायची. ज्युग्युलर व्हेनपाशी आल्यावर थांबून बघायचं. बहुतेक माणसांत नर्व्ह व्हेनच्या बाहेरून, म्हणजे तुझ्याकडच्या बाजूने, ओलांडते. काहींत ती व्हेनच्या मागून येते, आणि क्वचित व्हेन दुभंगलेली असते व नर्व्ह तिच्या आरपार जाते. मागून येणाऱ्या नर्व्हवर ‘आता नर्व्ह संपली, खाली मोकळं आहे’ असं समजून पुढे गेलास तर व्हेन तिथेच फाटते, आणि तीही बेलीच्या खाली, जिथे क्लॅम्पला जागा नसते. शंका आली तर बोट आत घाल: अ‍ॅटलसचा ट्रान्सव्हर्स प्रोसेस कठीण गोळ्यासारखा लागतो. व्हेन आणि नर्व्ह त्याच्या अगदी पुढ्यात असतात.

आता २ए आणि २बी. या दोघांच्या मध्ये भिंत नाही, फक्त ही नर्व्ह आहे. नर्व्हच्या पुढची-खालची चरबी २ए, वरची-मागची २बी. पण सीटीवर नर्व्ह दिसत नाही. म्हणून रेडिऑलॉजिस्ट व्हेनची मागची कड धरतो: व्हेनला टेकलेला किंवा तिच्या पुढचा नोड २ए, व्हेनच्या मागे चरबीचा पदर राखून असलेला नोड २बी. या दोन रेघा एकमेकींवर पडत नाहीत. खालच्या भागात नर्व्ह व्हेनच्या बरीच मागे जाते, त्यामुळे तिथे व्हेनच्या मागे पण नर्व्हच्या पुढे असा एक त्रिकोण उरतो. तिथला नोड रिपोर्टात २बी आणि तुझ्या हातात २ए असतो. आमच्या पेशंटचा ७ मिलिमीटरचा ‘२बी’ नोड तसाच निघाला, नर्व्हच्या पुढे, २ए च्या चरबीत. ‘रिपोर्टात २बी आहे’ किंवा ‘रिपोर्टात २बी नाही’ यावरून नर्व्हमागे जायचं की नाही हे ठरवू नकोस. सीटी स्वतः उघडून व्हेन आणि नोड यांच्यातलं अंतर मोज.

२बी काढायचं का? त्याची किंमत आधी बघ, कारण तुझ्या पेशंटचा खांदा त्यातूनच पडला असणार. २बी चा तळ म्हणजे स्प्लेनिअस कॅपिटिस आणि लेव्हेटर स्कॅप्युली. ती चरबी वरून सोडवून, नर्व्हच्या खालून पुढे ओढून २ए ला जोडायची असते, म्हणजे सगळं एका तुकड्यात येतं. जागा मिळावी म्हणून असिस्टंट नर्व्हखाली हुक किंवा व्हेसल लूप घालतो आणि धरून ठेवतो. सगळा घोटाळा या धरण्याचा आहे. नर्व्ह दिसते, सलग असते, शेवटी स्टिम्युलेट केली तर खांदाही कधी उडतो, आणि तीन आठवड्यांनी पेशंट शर्ट घालता येत नाही म्हणून येतो. ताणाने आणि तिचा रक्तपुरवठा सोलून काढल्याने ती काही काळ बंद पडते. त्यात सर्व्हायकल मुळांच्या सी-३, सी-४ कडून ट्रॅपिझिअसकडे जाणाऱ्या शाखा कापल्या गेल्या असतील तर मागचा आधारही गेलेला असतो.

म्हणून मी नर्व्हभोवती लूप घालते, पण लूपची टोकं क्लॅम्पला लावून ओढू देत नाही. ती मोकळी पडलेली असतात. नर्व्हभोवतीची चरबी सगळ्या बाजूंनी सोलत नाही. खालचा पातळ पदर राहू देते. स्टर्नोमास्टॉइड मागे ओढायला उथळ रिट्रॅक्टर वापरते आणि वर मॅस्टॉइडजवळचं काम झालं की लगेच सोडायला सांगते. २बी ची चरबी नर्व्हखालून आणताना चरबी हलते, नर्व्ह जागेवर राहते. उलट होत असेल तर जागा कमी आहे, स्नायू वर अजून सोडवायला हवा.

काढण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत असं आहे. तोंडाच्या एन-झिरोमध्ये २ए साफ असताना फक्त २बी मध्ये रोग सापडणं दुर्मीळ आहे. २बी मध्ये नोड लागतो तेव्हा बहुतेक वेळा २ए मध्येही असतो. म्हणून गाल, हिरडी, तोंडाचा तळ अशा ठिकाणच्या एन-झिरोत, २ए उघडल्यावर काहीही संशयास्पद दिसलं नाही तर मी २बी सोडते. जिभेत थोडा जास्त धाक वाटतो, म्हणून तिथे नियम वेगळा ठेवला आहे: २ए मधला सर्वांत मोठा नोड कठीण किंवा गोल वाटला, कापल्यावर करडा दिसला, तर फ्रोझनला देते आणि पॉझिटिव्ह आला तर २बी काढते. ऑरोफॅरिंक्सच्या रोगात, किंवा मानेत हाताला गाठ लागत असताना, हा विचारच करायचा नाही, २बी काढायचंच. यावर माझे काही सहकारी प्रत्येक जिभेला २बी काढतात आणि त्यांची बाजूही चुकीची नाही. मात्र कोणीही ‘नर्व्हजवळ भीती वाटली म्हणून सोडलं’ याला निर्णय म्हणू नये. ऑपरेशन नोटमध्ये सोडल्याचं कारण लिहिता आलं पाहिजे.

या केसमध्ये २ए चा तो नोड दोन भाग केल्यावर एका टोकाला करडा दिसला. फ्रोझन पॉझिटिव्ह. मग २बी घेतलं.

खालचा भाग त्या मानाने सरळ. स्टर्नोमास्टॉइड मागे घेतल्यावर चरबीची मागची हद्द कोणती? पुस्तकात स्नायूची मागची कड लिहिली आहे, पण स्नायू तू उचलून धरला आहेस, कड आता कुठल्या कुठे गेली. टेबलवरची हद्द म्हणजे सर्व्हायकल प्लेक्ससच्या संवेदी शाखा, ज्या चरबीत मागून-खालून पुढे येताना दिसतात. त्या दिसल्या की थांबायचं; त्यांच्या मागे लेव्हल ५ सुरू होते आणि जिभेच्या एन-झिरोत तिथे तुझं काम नाही. त्या शाखांच्या पातळीतून पुढे सोलत यायचं आणि तळाचा प्रीव्हर्टिब्रल फॅशिया शाबूत ठेवायचा. तो चकाकतो. त्याच्या खाली, स्केलीनस अँटिरिअरवर, फ्रेनिक नर्व्ह वरून खाली आणि किंचित मध्याकडे जाताना फॅशियातून दिसते. फॅशिया फाटला की चकाकी जाते आणि लाल स्नायू दिसतो. तेव्हा एक पाऊल मागे घ्यायचं.

ओमोहायॉइड लेव्हल ३ आणि ४ च्या वाटेत आडवा येतो. त्याच्या वर असलास तर ३, त्याला खाली ओढून पुढे गेलास तर ४. ही क्रिकॉइडच्या रेघेशी तंतोतंत जुळत नाही, पण टेबलवर चालते. ४ च्या खालच्या कोपऱ्यात चरबी कधीही नुसती कापायची नाही, बांधून घ्यायची. थोरॅसिक डक्ट डावीकडे असला तरी उजवीकडेही लहान लिम्फॅटिक डक्ट असतोच. जखम बंद करण्यापूर्वी भूल देणाऱ्यांना काही सेकंद छातीतला दाब वाढवून धरायला सांगते आणि त्या कोपऱ्याकडे बघते. पाण्यासारखा किंवा दुधी थेंब दिसला तर तिथेच टाका.

तळावरून सुटलेला सगळा गठ्ठा मग पुढे व्हेनवर आणायचा. असिस्टंटचा ताण आणि तुझा उलट ताण समान हवा. ताण जास्त झाला की व्हेन चपटी, रिकामी होते आणि फॅशियासारखी दिसते. दर थोड्या वेळाने ताण सोडायला सांग. ती फुगलेली दिसली की पुन्हा सुरू. फेशियल व्हेन बांधताना ज्युग्युलरला अगदी चिकटून बांधू नये, दोन-तीन मिलिमीटरचं बुटकं टोक ठेवावं, नाहीतर गाठ घट्ट झाल्यावर मोठी व्हेन आवळली जाते. वर बेलीच्या खाली हायपोग्लॉसल आडवी जाते आणि तिच्याबरोबर पातळ भिंतीच्या बारीक व्हेन असतात. त्यातून रक्त आलं तर आंधळेपणाने क्लॅम्प लावायचा नाही. गॉझ ठेवून दाब, पाच मिनिटं दुसरीकडे काम.

तुकडा निघण्याआधी एक काम असतं आणि ते नेहमी राहून जातं. गठ्ठा शरीराला थोडासा जोडलेला असतानाच प्रत्येक लेव्हलवर टाका घालून खूण करायची. ट्रॉलीवर पडलेला गठ्ठा आकसतो, उलटतो, आणि दहा मिनिटांनी तू आणि मी दोघंही २ए कुठे संपली हे सांगू शकत नाही. मी लेव्हलवार वेगवेगळ्या डब्यांत पाठवते. २ए आणि २बी तर नेहमी वेगळे. पॅथॉलॉजिस्टला मिळालेल्या नोडची संख्याही बघायला शीक. सिलेक्टिव्ह डिसेक्शनमध्ये १८ च्या आत आले तर माझं हात राखून काम झालं, की त्यांनी चरबी नीट शोधली नाही, हे दोघांनी मिळून तपासायचं.

ऑपरेशनचं नाव लिहिताना ‘मॉडिफाइड, टाइप अमुक’ असं मोघम लिहिणं टाळ. टाइपचे आकडे परीक्षेत ठीक असतात. नोटमध्ये सरळ लिही: कोणत्या लेव्हल काढल्या, आणि अ‍ॅक्सेसरी, ज्युग्युलर व स्टर्नोमास्टॉइड यांपैकी काय राहिलं. क्राइलने १९०६ मध्ये रॅडिकल डिसेक्शन मांडलं तेव्हा हे तिन्ही जात होते, म्हणून पुढची सगळी नावं काय वाचवलं यावरून पडत गेली. आज पाचही लेव्हल गेल्या नसतील तर ते सिलेक्टिव्ह, आणि कंसात लेव्हल, एवढं पुरेसं आहे.

आता खांदा तपासण्याबद्दल. ‘खांदे उडवा’ सांगून नर्व्ह चालू आहे असं लिहू नकोस. लेव्हेटर स्कॅप्युली एकटा खांदा वर उचलू शकतो, आणि ट्रॅपिझिअस बंद असूनही पेशंट तुला खांदे उडवून दाखवतो. हात बाजूने वर न्यायला सांग. ९० अंशांवर अडकतो का, आणि त्याच वेळी पाठीमागून बघताना खांद्याच्या हाडाची आतली कड बाहेर येते का, हे बघ. हात पुढे भिंतीवर दाबताना हाड बाहेर आलं तर तो दोष सिरेटसचा, तो वेगळा. तुझ्या पेशंटला हे आजच करून बघ. नर्व्ह सलग असेल तर महिन्यांत सुधारणा येते, पण तोवर खांद्याचा सांधा जाम होऊ द्यायचा नाही. ड्रेन निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू करावी, दुखतंय म्हणून सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवू नये. मी पाहिलेले बरेच ‘नर्व्ह गेलेले’ खांदे खरं तर नर्व्ह परत आलेले पण सांधा जाम झालेले होते.

आमच्या पेशंटचा रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. एकूण ३४ नोड. २ए मध्ये एक पॉझिटिव्ह, ७ मिलिमीटरचा, कॅप्सूलच्या बाहेर रोग नाही. २बी मध्ये ६ नोड, सगळे साफ. १बी च्या डब्यात फेशियल व्हेनजवळचे २ नोड, तेही साफ. टाके काढायला आला तेव्हा ओठ सरळ होता. हात बाजूने १२० अंशांपर्यंत जात होता आणि शेवटी थोडं दुखत होतं, म्हणून फिजिओथेरपी चालू ठेवली. रेडिएशनचा प्रश्न ट्यूमर बोर्डसमोर ठेवला आहे: खोली, एक नोड आणि जिभेतला नर्व्हभोवतीचा पसारा हे एकत्र बघून ते ठरेल.